दंतचक्रांनी जोडलेल्या शाफ्टांचा पीळ : गिरणीपासून जहाजापर्यंत

१८१७ साली विल्यम फेअरबर्न व जेम्स लिली या दोन यंत्रकारांनी मँचेस्टर येथे भागीदारीत व्यवसाय सुरू केला. त्यांना मिळालेले पहिले मोठे काम म्हणजे ॲडम व जॉर्ज मरे या बंधूंच्या सूतगिरणीतील शक्तिवाहक शाफ्ट बदलून देणे हे होय. त्या काळी एंजिनापासून यंत्रांपर्यंत शक्ती नेण्याचे काम ओतीव लोखंडाचे जाड, चौकोनी शाफ्ट करीत. ते मिनिटाला सुमारे ४० फेरे घेत, आणि त्यांवर बसविलेले लाकडी ढोल कित्येकदा चार चार फूट व्यासाचे असत. इतक्या मंद शाफ्टावरून वेगवान चात्यांना गती द्यावयाची म्हणजे ढोल मोठा घेण्यावाचून गत्यंतरच नसे. फेअरबर्नने शाफ्टांची गती कित्येक पटींनी वाढविली, ओतीव लोखंडाच्या जागी घडीव लोखंडाचे सडपातळ शाफ्ट घातले आणि ढोलांचा आकार कमी केला. हा बदल इतका लाभदायक ठरला की लँकेशायरमधील अन्य गिरणीमालकांनीही तो लवकरच स्वीकारला.

या सुधारणेचे वर्णन यंत्रविद्येच्या इतिहासात बहुधा वजनाची व घर्षणाची बचत म्हणून केले जाते, आणि तेवढ्यापुरते ते योग्यही आहे. परंतु तिच्यात आणखी एक प्रश्न दडलेला होता. मंद व जाड शाफ्ट एका बाजूस, वेगवान व बारीक शाफ्ट दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये दंतचक्रांची जोडी, अशी रचना झाली म्हणजे एका शाफ्टाला पडलेला पीळ दुसऱ्या शाफ्टाच्या टोकाशी किती दिसतो? बळकटीचा हिशेब यंत्रकारांना अवगत होता. पिळाचा हिशेब मात्र दंतचक्रापाशी येऊन अडखळत असे. त्याचे कारण गणित अवघड होते हे नव्हे. या गणिताचे दोन अर्धे भाग दोन वेगळ्या परंपरांत वाढले, हे त्याचे खरे कारण होय.

प्रथम बळकटीचा भाग घेऊ. शाफ्टातून वाहणारी शक्ती म्हणजे त्यावरील पिळाचे परिबल, ज्यास कारखान्यात टॉर्क म्हणतात, आणि त्याचा कोनीय वेग यांचा गुणाकार. शक्ती तीच ठेवून वेग तिप्पट केला की परिबल एक-तृतीयांश होते. गोल शाफ्टात पिळामुळे उत्पन्न होणारे कर्तन प्रतिबल पृष्ठभागाशी सर्वाधिक असते आणि ते व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून समान बळकटीसाठी व्यास परिबलाच्या घनमुळाच्या प्रमाणात घ्यावा लागतो. रॉबर्टसन ब्युकॅनन याने १८१४ च्या सुमारास गिरणीच्या यंत्रांवर जे निबंध प्रसिद्ध केले त्यांत याच स्वरूपाचा नियम आढळतो: अश्वशक्तीला फेऱ्यांच्या संख्येने भागावे, एका अनुभवसिद्ध अंकाने गुणावे व त्याचे घनमूळ काढावे. एंजिनालगतच्या शाफ्टासाठी तो अंक मोठा असे, दूरच्या शाफ्टासाठी लहान. नियम सुटसुटीत होता आणि शाफ्ट तुटू नये एवढेच पाहावयाचे असेल तर पुरेसाही होता. त्यात शाफ्टाच्या लांबीचा उल्लेख नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. परिबल तेच असेल तर लांब शाफ्टही आखूड शाफ्टाइतक्याच परिबलाला तुटतो. पिळतो मात्र लांबीच्या प्रमाणात अधिक.

पिळाचा नियम याहून जुना आहे, पण तो गिरणीत जन्मला नाही. चार्ल्स ऑगस्तॅं कूलंब याने १७८४ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे धातूच्या तारांच्या पिळासंबंधी आपला प्रबंध मांडला. तारेला एक जड दंडगोल टांगून तो किंचित फिरवावयाचा व सोडून द्यावयाचा, आणि त्याच्या आंदोलनांचा काळ मोजावयाचा, अशी त्याची पद्धत होती. तीवरून त्याने असे दाखविले की तारेचे विरोधी परिबल पिळाच्या कोनाच्या सम प्रमाणात, लांबीच्या व्यस्त प्रमाणात आणि व्यासाच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात असते. आजच्या लेखनपद्धतीत हेच

φ = TL / GJ,  J = πd⁴ / 32

असे लिहिले जाते. येथे φ हा रेडियनमधील पिळाचा कोन, T हे परिबल, L ही लांबी, d हा व्यास आणि G हा द्रव्याचा दृढता गुणांक होय. कूलंबचा हेतू शाफ्ट घडविण्याचा नव्हता. विद्युत् व चुंबकीय प्रेरणा मोजण्यासाठी त्याला एक नाजूक तराजू हवा होता, आणि १७८५ साली त्याने तो वापरलाही. एका विद्वानाच्या तारेतून निघालेला चतुर्थ घात आणि यंत्रकारांच्या अनुभवातून निघालेला घन हे दोन नियम कित्येक वर्षे एकमेकांशेजारी नांदत राहिले.

चौकोनी शाफ्टांनी या बाबतीत थोडा घोळही घातला. फ्रेंच अभियंता द्युलो याने १८२० मध्ये घडीव लोखंडाच्या दांड्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. गोल दांड्यांचा पीळ सूत्राशी जुळत होता, चौकोनी दांड्यांचा जुळत नव्हता. पिळताना प्रत्येक आडवा छेद सपाटच राहतो असे सूत्रात गृहीत धरलेले असते. गोल छेदापुरतेच ते खरे आहे. चौकोनी छेद पिळताना किंचित वाकडा होतो, ही गोष्ट साँ-व्हनाँ याने १८५५ च्या आपल्या प्रसिद्ध प्रबंधात सिद्ध केली. चौकोनी शाफ्टाला गोल शाफ्टाचेच सूत्र लावले तर त्याचा ताठरपणा वास्तवापेक्षा सुमारे १८ टक्के अधिक निघतो. ओतीव लोखंडाचा दृढता गुणांक घडीव लोखंडाच्या सुमारे निम्माच असतो, हे त्यास जोडले म्हणजे मरे बंधूंच्या जुन्या शाफ्टांचा जाडपणा डोळ्यांना वाटतो तितका ताठर का नव्हता हे कळून येते.

आता दंतचक्राकडे वळू. केंब्रिजचे रॉबर्ट विलिस यांनी १८४१ साली यंत्ररचनेच्या तत्त्वांवरील ग्रंथात गती व प्रेरणा यांची जाणूनबुजून फारकत केली. दोन चक्रे एकमेकांत गुंतली असता त्यांच्या वेगांचे गुणोत्तर दातांच्या संख्येवर अवलंबून असते, त्यांच्यावर किती भार आहे यावर नव्हे. म्हणून गतीचा विचार भाराशिवाय करता येतो. यंत्ररचना शिकविण्यासाठी ही फारकत अत्यंत सोयीची ठरली आणि पुढील पाठ्यपुस्तकांनी ती उचलली. पिळाच्या प्रश्नात मात्र भार व गती यांना वेगळे ठेवून चालत नाही, कारण पिळाचा कोन भाराने उत्पन्न होतो आणि गतीच्या नियमाने पुढे जातो.

दंतचक्रांच्या जोडीत समान काय असते, हा खरा मूलभूत प्रश्न आहे. परिबले समान नसतात आणि कोनही समान नसतात. समान असते ती दाताची प्रेरणा, आणि समान असते ती सहवर्ती वर्तुळांवर मोजलेली चापाची लांबी. मोठ्या चक्राची त्रिज्या लहानाच्या n पट असेल, तर त्याच प्रेरणेचे परिबल मोठ्या चक्रावर n पट होते, आणि तेवढाच चाप पुढे सरकला असता मोठ्या चक्राचा कोन n पटींनी लहान असतो. परिबल व कोन यांचा गुणाकार, म्हणजेच कार्य, दोन्हीकडे सारखे राहते. शिवाय बाहेरून गुंतलेली चक्रे उलट दिशांनी फिरतात, हेही विसरून चालणार नाही.

परिबल तिप्पट होते म्हटल्यावर विद्यार्थ्याला एक शंका येते आणि ती रास्त आहे: वाढलेले परिबल कोठून आले? समतोलाचा हिशेब पुरा करावयाचा तर धारवे, म्हणजे बेअरिंगे, विचारात घ्यावी लागतात. दाताची प्रेरणा एका चक्राला एका दिशेने ढकलते व दुसऱ्याला विरुद्ध दिशेने. दोन्ही शाफ्टांचे धारवे या प्रेरणा झेलतात, आणि दोन अक्षांतील अंतरामुळे त्यांचे एक बलयुग्म चौकटीवर पडते. गिरणीच्या भिंतीत बसविलेले धारवे सैल होत ते केवळ वजनामुळे नव्हे, तर या बलयुग्मामुळेही.

हे सर्व एका उदाहरणात पाहणे सोयीचे होईल. पुढील आकडे कोणत्याही एका गिरणीचे नाहीत, परंतु त्या काळच्या रचनेला साजेसे आहेत. एंजिनाकडील मंद शाफ्टास ‘अ’ म्हणू. त्याचा व्यास १०० मिलिमीटर, एंजिनाच्या प्रचक्रापासून दंतचक्रापर्यंतची लांबी ३ मीटर, आणि गती मिनिटाला ४० फेरे. त्याच्या टोकावर ४५० मिलिमीटर त्रिज्येचे, ९० दातांचे चक्र आहे. ते १५० मिलिमीटर त्रिज्येच्या, ३० दातांच्या लहान चक्रात गुंतते. लहान चक्र ‘ब’ शाफ्टावर आहे. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, लांबी ६ मीटर, गती १२० फेरे. वाहणारी शक्ती सुमारे ३० किलोवॉट, म्हणजे जवळजवळ ४० अश्वशक्ती. त्यावरून ‘अ’ वरील परिबल ७,२०० न्यूटन-मीटर व ‘ब’ वरील २,४०० न्यूटन-मीटर येते. दाताची प्रेरणा कोणत्याही चक्रावरून काढली तरी १६,००० न्यूटनच निघते. अक्षांतील अंतर ६०० मिलिमीटर असल्याने चौकटीवरील बलयुग्म ९,६०० न्यूटन-मीटर आहे. ७,२०० व २,४०० यांची बेरीजही तितकीच, आणि वरील शंकेचे उत्तर या बेरजेत आहे.

प्रतिबल पाहिले तर ‘अ’ मध्ये ते चौरस मिलिमीटरला ३६.७ न्यूटन आणि ‘ब’ मध्ये ३५.६ न्यूटन येते. म्हणजे ब्युकॅननच्या परंपरेतील यंत्रकाराच्या दृष्टीने दोन्ही शाफ्ट जवळजवळ सारखेच बळकट आहेत; ३ चे घनमूळ सुमारे १.४४ आणि १०० भागिले ७० बरोबर १.४३, हा त्याचा अर्थ. येथे त्याचे काम संपले असते.

पिळाचा हिशेब येथूनच सुरू होतो. घडीव लोखंडाचा दृढता गुणांक चौरस मिलिमीटरला ७७,००० न्यूटन धरला, तर ‘अ’ चा पीळ १.६४ अंश आणि ‘ब’ चा ४.५५ अंश येतो. या दोन आकड्यांचा नेमका अर्थ लावताना सर्वाधिक गोंधळ होतो. शाफ्टाचा पीळ म्हणजे त्याच्या एका टोकाच्या तुलनेने दुसरे टोक किती फिरले तो कोन. चक्र स्वतः किती फिरले हा वेगळाच प्रश्न आहे. प्रचक्र स्थिर धरून ‘ब’ च्या दूरच्या टोकाशी २,४०० न्यूटन-मीटरचे परिबल लावले अशी कल्पना करावी. ‘अ’ चे एक टोक धरलेले असल्याने त्याच्यावरील मोठे चक्र १.६४ अंशांतून फिरते. येथे चक्राचे फिरणे व शाफ्टाचा पीळ एकच आहेत. पण मोठे चक्र तेवढे सरकले की लहान चक्र त्याच्या तिप्पट, म्हणजे ४.९१ अंशांतून फिरते, आणि या फिरण्यात ‘ब’ ला मुळीच पीळ पडलेला नसतो. तो सबंध शाफ्ट एकसंध फिरलेला असतो. यानंतर ‘ब’ चा स्वतःचा ४.५५ अंशांचा पीळ त्यात मिळवावयाचा. दूरचे टोक एकूण ९.४६ अंशांतून फिरते.

या उत्तरातील आश्चर्याची गोष्ट अशी की एकूण कोनातील निम्म्याहून अधिक वाटा त्या जाड, आखूड, वरवर निश्चल दिसणाऱ्या शाफ्टाचा आहे. ‘अ’ वर उभे राहून पाहणाऱ्याला दीड अंशाचा पीळ नगण्य वाटेल. ‘ब’ वरून तोच शाफ्ट फार लवचीक दिसतो: ७० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टाची ६.४८ मीटर लांबी जेवढी पिळेल तेवढाच १०० मिलिमीटरचा हा ३ मीटर शाफ्ट पिळतो. त्याच्या परिबलाला तीनने गुणले जाते, म्हणून पीळ तिप्पट. तो पीळ चक्रातून जाताना पुन्हा तीनने गुणला जातो, म्हणून नऊपट. वेगवान बाजूकडून पाहिले असता मंद शाफ्टाचा ताठरपणा गुणोत्तराच्या वर्गाने भागला जातो, हा नियम असा दोन पायऱ्यांनी सिद्ध होतो. उलट, ‘ब’ चे टोक धरून ‘अ’ च्या टोकाशी पाहिले तर ‘ब’ चे ४.५५ अंश तीनने भागून १.५२ होतात, त्यांत १.६४ मिळवून ३.१५ येतात, त्याची तिप्पट पुन्हा ९.४६. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात.

या प्रश्नातील चुका दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात गुणोत्तर मुळीच विचारात घेतले जात नाही: दोन्ही शाफ्टांवर २,४०० हेच परिबल धरले जाते व कोनांची बेरीज केली जाते. उत्तर ५.०९ अंश येते. ही चूक सहज पकडता येते. दुसऱ्या प्रकारात गुणोत्तर एकदाच वापरले जाते, आणि ही चूक अधिक फसवी आहे. कोणी परिबल बरोबर तिप्पट करतो पण कोन तसेच मिळवतो: १.६४ अधिक ४.५५. कोणी परिबल सारखेच धरतो पण कोन तिप्पट करतो: ०.५५ ची तिप्पट अधिक ४.५५. दोघांचेही उत्तर ६.१८ अंश येते. दोन विद्यार्थ्यांनी दोन निरनिराळ्या वाटांनी जाऊन एकच आकडा काढला, म्हणजे तो बरोबर असला पाहिजे असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे तो दोघांचाही चुकलेला आहे.

खरे उत्तर ओळखण्याची खूण ऊर्जेच्या हिशेबात सापडते. ‘अ’ मध्ये साठलेली ऊर्जा म्हणजे ७,२०० व ०.०२८६ रेडियन यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग, १०३ ज्यूल. ‘ब’ मध्ये त्याच रीतीने ९५ ज्यूल. एकूण १९८. बाहेरून लावलेल्या परिबलाने तेवढेच कार्य केले असले पाहिजे. ९.४६ अंश म्हणजे ०.१६५ रेडियन, २,४०० ने गुणून निम्मे केले की १९८ ज्यूल येतात. ६.१८ अंशांनी मात्र केवळ सुमारे १३० ज्यूल भरतात, आणि उरलेली ऊर्जा कोठून आली याचे उत्तर देता येत नाही. लाग्रांजने १७८८ सालच्या आपल्या विश्लेषणात्मक यांत्रिकीत आभासी विस्थापनाचे जे तत्त्व मांडले त्याचाच हा एक साधा उपयोग होय. तत्त्व इतके आधी उपलब्ध होते आणि तरी यंत्रकारांच्या नियमावलीत ते उतरले नाही, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. लाग्रांजच्या ग्रंथात आकृत्या नाहीत आणि गिरणीचा यंत्रकार आकृत्यांनी विचार करीत असे.

या हिशेबाने शाफ्ट घडविणाऱ्याच्या निर्णयातही फरक पडतो. वरील उदाहरणात एकूण कोन कमी करावयाचा आहे असे समजू. ‘ब’ चा व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तर कोन १.४४ अंशांनी घटतो. ‘अ’ चा तेवढाच वाढविला तर १.५६ अंशांनी घटतो, आणि दोन्हींना लागणारे जादा लोखंड जवळजवळ सारखेच असते. केवळ १.६४ हा आकडा पाहणाऱ्याला ‘अ’ जाड करण्याची कल्पनाही सुचणार नाही. याहून मूलगामी उपाय म्हणजे मंद शाफ्टच काढून टाकणे. इंग्लंडातील गिरण्यांत पुढे प्रचक्राच्या परिघावरच दात बसवून तेथूनच वेगवान शाफ्ट फिरविण्याची पद्धत रूढ झाली. तिचे समर्थन वेग वाढविण्याची सोय म्हणून होत असे. पिळाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की ‘अ’ ची पिळणारी लांबी जवळजवळ शून्य झाली, आणि टोकाचा कोन ९.४६ वरून ४.५५ अंशांवर आला. सूतगिरणीत या फरकाला महत्त्व आहे. काही यंत्रे एकदम बंद केली म्हणजे शाफ्टातील पीळ मोकळा होतो व उरलेल्या यंत्रांना क्षणभर हिसका बसतो. पीळ जितका मोठा तितका हिसका मोठा, आणि सूत हिसका सहन करीत नाही.

यंत्रकारांनी याविरुद्ध एक ढोबळ नियम स्वीकारला होता: व्यासाच्या वीसपट लांबीत एक अंशाहून अधिक पीळ पडू देऊ नये. ‘अ’ साठी वीसपट लांबी २ मीटर, आणि तीत १.०९ अंशांचा पीळ पडतो. ‘ब’ साठी ती १.४ मीटर, आणि तीत १.०६. म्हणजे दोन्ही शाफ्ट या मर्यादेच्या अगदी काठावर आहेत आणि दोघांचा दोषही सारखाच आहे. हा योगायोग नव्हे. वीसपट लांबीतील पीळ प्रतिबलाच्याच प्रमाणात असतो, व्यासाचा त्यात संबंध उरत नाही. त्यामुळे पिळाचा म्हणून सांगितला जाणारा हा नियम वस्तुतः बळकटीचाच वेषांतर केलेला नियम आहे. एकूण लांबी आणि दंतचक्राचे गुणोत्तर या दोन्ही गोष्टी त्याच्या दृष्टीबाहेर राहतात.

गिरणीत गुणोत्तर दोन किंवा तीन असे, म्हणून वर्गाचा विसर पडला तरी निभावून जाई. जहाजांत वाफेची टरबाइने आली तेव्हा ही सवलत संपली. टरबाइनला वेग हवा आणि पंख्याला मंदपणा; दोन्ही एकाच शाफ्टावर बसविल्यास दोघांचीही कार्यक्षमता जाते. चार्ल्स पार्सन्स यांनी ‘व्हेस्पेशियन’ हे जुने मालवाहू जहाज विकत घेऊन १९०९-१० च्या सुमारास त्यात दंतचक्रांच्या द्वारा पंखा फिरविणारी टरबाइने बसविली. प्रत्येक टरबाइनच्या लहान चक्राला २० दात होते, आणि अशी दोन लहान चक्रे ३९८ दातांच्या एकाच मोठ्या चक्रात गुंतत. गुणोत्तर १९.९, त्याचा वर्ग ३९६. पंख्याचा शाफ्ट कितीही जाड असला तरी टरबाइनकडून पाहता त्याचा ताठरपणा सुमारे चारशेव्या हिश्श्यावर येतो. तो एक अंश पिळला की टरबाइनचा फिरता भाग जवळजवळ वीस अंश पुढे गेलेला असतो.

स्थिर भाराखाली याने फारसे बिघडत नाही, कारण शाफ्ट एकदा पिळला की तसाच पिळलेला फिरत राहतो. भार बदलता असेल तेव्हा मात्र प्रश्न गंभीर होतो. जर्मन अभियंता हेर्मान फ्राम याने १९०२ मध्ये जहाजांच्या शाफ्टांवर प्रत्यक्ष मोजमाप करून असे दाखविले की शाफ्टाचा पीळ सरासरी परिबलाभोवती आंदोलत असतो, आणि एंजिनाच्या ठोक्यांचा वेग शाफ्टाच्या स्वाभाविक आंदोलनाशी जुळला म्हणजे ती आंदोलने धोकादायक होतात. बळकटीच्या दृष्टीने निर्दोष असलेले शाफ्ट का मोडतात याचे उत्तर अशा रीतीने पिळाच्या कोनात सापडले. दंतचक्रयुक्त रचनेचा स्वाभाविक कंपनांक काढावयाचा तर सर्व शाफ्ट एकाच वेगाच्या शाफ्टात रूपांतरित करावे लागतात. ताठरपणा गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो आणि फिरत्या वस्तुमानांचे निरूढी परिबलही त्याच वर्गाने. होल्त्सर याची १९२१ सालची गणनपद्धती आणि केर विल्सन यांचा १९३५ सालचा ग्रंथ यांनंतर हे रूपांतर अभियंत्याच्या नित्याच्या कामाचा भाग बनले.

वर्ग विसरल्यास किती फरक पडतो हे आपल्याच उदाहरणावरून दिसेल. ‘ब’ च्या टोकाशी एक जड ढोल आहे, प्रचक्र इतके मोठे आहे की ते स्थिर मानता येईल, आणि चक्रांचे वस्तुमान उपेक्षणीय आहे, असे धरू. खरा एकत्रित ताठरपणा रेडियनला १४,५४० न्यूटन-मीटर आहे. ‘अ’ चा ताठरपणा न बदलता तसाच वापरला तर तो २७,००० च्या आसपास निघतो. कंपनांक ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने हिशेबातील कंपनांक वास्तवापेक्षा ३६ टक्के अधिक येईल. जो वेग सुरक्षित समजून निवडला जाईल तो सुरक्षित असेलच असे नाही, आणि ज्या वेगाला टाळले जाईल त्यात कदाचित काहीच धोका नसेल.

या सर्व विवेचनात दात स्वतः वाकत नाहीत, चक्र शाफ्टावर घसरत नाही आणि धारवे हलत नाहीत असे गृहीत धरले आहे. लांब शाफ्टांच्या रचनेत हे गृहीत बरेच चालते. आखूड शाफ्टांच्या गिअरपेटीत दातांचा व धारव्यांचा लवचीकपणा शाफ्टाच्या बरोबरीचा होऊ शकतो, आणि मग तोही त्याच वर्गाच्या नियमाने हिशेबात घ्यावा लागतो. दातांमधील मोकळीक ही आणखी निराळी बाब होय. वरील लहान चक्रावर एक मिलिमीटर मोकळीक असेल तर ती ०.३८ अंशांएवढी भरते. भार एकाच दिशेने असेपर्यंत ती दिसत नाही, कारण दात एका अंगाला टेकलेले असतात. भाराची दिशा उलटली की चक्र तेवढे अंतर कोणत्याही विरोधाविना ओलांडते व दात दुसऱ्या अंगावर आपटतात. परिबल व कोन यांचा आलेख काढला असता पीळ उगमबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेने दिसतो, मोकळीक उगमाशी आडव्या तुकड्याने. आणि मोजमापात असा तुकडा आढळल्यास त्याची लांबी एकूण कोनातून वजा केल्यावरच शाफ्टांचा ताठरपणा काढता येतो.